घटत्या शिलकीवरील कर्जाचा मासिक हप्ता कागदावर कसा काढावा

कर्जाच्या मंजुरीपत्रावर मासिक हप्त्याचा आकडा छापलेला असतो, परंतु तो कोठून आला हे सहसा कोणी सांगत नाही. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणाऱ्या अनेकांप्रमाणे मीही वापरलेल्या लेथ मशीनसाठी कर्ज घेतले, आणि तेव्हापासून माझ्या परिचयातील नवउद्योजकांची मंजुरीपत्रे तपासताना एकच गोष्ट वारंवार जाणवली. दहावीपर्यंतचे गणित येणाऱ्या कोणालाही हा हप्ता कागदावर पैशापर्यंत अचूक काढता येतो, मात्र पुस्तकातील तयार सूत्र पाठ केल्यास ते चार दिवसांत विसरते. म्हणून या लेखात सूत्र शेवटी ठेवले आहे आणि ते ज्या भूमितीय श्रेढीतून निघते ती श्रेढी आधी समजावून दिली आहे.

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ. मुद्दल ३,००,००० रुपये, व्याजदर वार्षिक १२ टक्के घटत्या शिलकीवर, मुदत २४ महिने, आणि हप्ता प्रत्येक महिन्याच्या अखेरीस.

काय जवळ असावे

- मंजुरीपत्र, ज्यावर मुद्दल, वार्षिक दर, मुदत आणि हप्त्याची तारीख लिहिलेली असते.
- की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांना व्यक्ती आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी हे विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथे असे विवरणपत्र मिळाले नाही, तर व्याज आकारणीची पद्धत लेखी मागून घ्यावी.
- परतफेडीचा तक्ता. त्याच्या पहिल्या तीन ओळी मिळाल्या तरी आपले काम भागते.
- चौकडीची वही, पेन्सिल आणि हवा असल्यास साधा कॅल्क्युलेटर. घातांकाचे बटण लागणार नाही.

१. वार्षिक दरावरून मासिक दर काढा

वार्षिक दराला १२ ने भागावे. १२ टक्क्यांचे दरमहा १ टक्का झाले, म्हणजेच ०.०१. चक्रवाढीचा विचार करून १.१२ चे बारावे मूळ काढण्याचा मोह गणिताची आवड असलेल्या वाचकांना होतो, परंतु कर्जाच्या व्यवहारात तसे करत नाहीत आणि तसे काढलेले उत्तर बँकेच्या आकड्याशी जुळणार नाही.

आता १ मध्ये हा मासिक दर मिळवा. १.०१ हा आपला गुणक झाला आणि पुढे त्याला q म्हणू. दर १०.५ टक्के असता, तर मासिक दर ०.८७५ टक्के आणि q = १.००८७५ झाला असता. ८.५ टक्क्यांसारख्या दरात भागाकार संपत नाही, तेव्हा q आठ दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे १.००७०८३३३ असा लिहावा.

२. श्रेढी नेमकी कशात आहे ते पाहा

हा टप्पा घाईने वाचू नये, कारण पुढचे सर्व काही यावर उभे आहे.

प्रत्येक हप्त्याचे दोन भाग असतात. एक भाग त्या महिन्याचे व्याज फेडतो आणि उरलेला भाग मुद्दल कमी करतो. पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण तीन लाखांवर, म्हणजे ३,००० रुपये आहे, आणि ते आपल्याला आताच माहीत आहे. पहिल्या हप्त्यातून मुद्दलापोटी किती रक्कम जाते ते मात्र अजून माहीत नाही. त्या रकमेला a म्हणू. म्हणजेच हप्ता = ३,००० + a.

दुसऱ्या महिन्यात शिल्लक a ने कमी झालेली असते, त्यामुळे व्याजही a च्या एक टक्क्याने कमी होते. हप्ता तर तेवढाच आहे, मग व्याजातून वाचलेली ही रक्कम मुद्दलाच्या भागात जाते. दुसऱ्या महिन्याचा मुद्दलाचा भाग अशा रीतीने a अधिक a चा एक टक्का, म्हणजे a × १.०१ होतो. तिसऱ्या महिन्यातही हेच घडते आणि तो भाग a × १.०१ × १.०१ होतो. हप्त्याची रक्कम स्थिर राहते आणि व्याज घटत जाते, पण मुद्दलाचा भाग दर महिन्याला नेमका १.०१ पट होत जातो.

हीच आपली भूमितीय श्रेढी. पहिले पद a, सामाईक गुणोत्तर q, आणि पदे २४. या चोवीस पदांची बेरीज किती असली पाहिजे? कर्ज पूर्ण फिटायचे असेल, तर मुद्दलाच्या सर्व भागांची बेरीज तीन लाख रुपयेच असली पाहिजे, पैसाही कमी किंवा अधिक नाही. हप्त्याचे संपूर्ण गणित या एका अटीत सामावलेले आहे:

```
a × (1 + q + q² + … + q²³) = 3,00,000
```

कंसातील शेवटच्या पदाचा घात २४ नसून २३ आहे, याकडे लक्ष द्या. पहिल्या पदाचा घात शून्य असल्यामुळे चोविसाव्या पदाचा घात २३ होतो.

३. कंसातील बेरीज एका ओळीत आणा

चोवीस पदे एकेक करून मिळवण्याची गरज नाही. कंसातील बेरजेला S म्हणू. S ला q ने गुणले, तर प्रत्येक पदाचा घात एकने वाढतो आणि q पासून q²⁴ पर्यंतची पदे मिळतात. या दुसऱ्या बेरजेतून पहिली वजा केली की मधली सर्व पदे परस्परांत नाहीशी होतात आणि केवळ दोन टोके उरतात:

```
qS − S = q²⁴ − 1
S = (q²⁴ − 1) ÷ (q − 1)
```

येथे घात २४ आला आहे, २३ नाही. सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. श्रेढीतील शेवटचे पद २३ व्या घाताचे आहे म्हणून बेरजेच्या सूत्रातही २३ घातल्यास उत्तर २३ हप्त्यांच्या कर्जाचे निघते आणि हप्ता सुमारे १४,६६६ रुपये येतो. बँकेच्या आकड्यापेक्षा आपला हप्ता पाचशे-साडेपाचशे रुपयांनी अधिक आला, तर प्रथम हा घात तपासावा.

४. q चा चोविसावा घात वर्ग करत काढा

१.०१ ला १.०१ ने तेवीस वेळा गुणण्याऐवजी आधीच्या उत्तराचा वर्ग करत जावे. २४ = १६ + ८ असल्यामुळे चार वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यात काम होते. प्रत्येक ठिकाणी आठ दशांश स्थळे ठेवावीत.

| घात | कसा मिळाला | किंमत |
|---|---|---|
| २ | १.०१ चा वर्ग | १.०२०१ |
| ४ | आधीच्याचा वर्ग | १.०४०६०४०१ |
| ८ | आधीच्याचा वर्ग | १.०८२८५६७१ |
| १६ | आधीच्याचा वर्ग | १.१७२५७८६५ |
| २४ | १६ वा × ८ वा | १.२६९७३४६६ |

मुदत ३६ महिने असती, तर ३२ + ४ आणि ६० महिने असती, तर ३२ + १६ + ८ + ४ अशी फोड केली असती. कोणतीही मुदत १, २, ४, ८, १६, ३२ अशा संख्यांच्या बेरजेत मांडता येते.

आठ स्थळांचा आग्रह का, हे आकड्यांवरूनच पटेल. घाताचे उत्तर १.२७ असे दोन स्थळांवर आणले, तर हप्ता १४,१११ रुपये येतो, म्हणजे खऱ्यापेक्षा ११ रुपये कमी. पहिल्याच पायरीवर १.०२०१ चे १.०२ केले, तर ती लहानशी चूक पुढच्या प्रत्येक वर्गात वाढत जाते आणि हप्ता १४,१८४ रुपये, म्हणजे ६२ रुपये अधिक येतो. महाविद्यालयातील चार अंकी लॉगॅरिदम सारणी वापरली, तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो, कारण १.०१ चा लॉग ०.००४३२१४ आहे आणि चार अंकी सारणी त्यातील केवळ ०.००४३ दाखवते. या कामासाठी सात अंकी सारणी हवी, नाहीतर वर्ग करण्याची वरील पद्धत बरी. हप्त्यासाठी घातातून १ वजा करावा लागतो आणि उरलेला अंश लहान असतो. त्यामुळे घातातील किरकोळ त्रुटी त्या लहान अंशात मोठी होऊन बसते.

५. a काढा आणि हप्ता मिळवा

आता उरले ते साधे अंकगणित आहे. घातातून १ वजा केल्यावर ०.२६९७३४६६ उरतात, त्यांना ०.०१ ने भागले की S = २६.९७३४६६. तीन लाखांना S ने भागावे:

```
a = 3,00,000 ÷ 26.973466 = 11,122.04
हप्ता = 3,000 + 11,122.04 = 14,122.04
```

मासिक हप्ता १४,१२२ रुपये ४ पैसे. चोवीस हप्त्यांची बेरीज ३,३८,९२८.९६ रुपये होते, म्हणजे एकूण व्याज सुमारे ३८,९२९ रुपये.

पुस्तकातील सूत्र हवे असल्यास ते याच दोन ओळी एकत्र करून मिळते. P मुद्दल, n हप्त्यांची संख्या आणि E हप्ता:

```
E = P(q − 1) + P(q − 1) ÷ (qⁿ − 1)
  = P(q − 1) × qⁿ ÷ (qⁿ − 1)
```

मला स्वतःला पहिली ओळ अधिक उपयोगाची वाटते. तिच्यातील पहिला भाग पहिल्या महिन्याचे व्याज आहे आणि दुसरा भाग पहिल्या महिन्यात फिटणारे मुद्दल आहे, त्यामुळे परतफेडीच्या तक्त्याची पहिली ओळ तिच्यातून थेट वाचता येते. दुसऱ्या ओळीतून केवळ हप्ता कळतो.

६. उत्तर पडताळून पाहा

पडताळणीसाठी पहिल्या तीन महिन्यांच्या ओळी हाताने लिहाव्यात आणि बँकेच्या तक्त्याशेजारी ठेवाव्यात.

| महिना | व्याज | मुद्दल | उरलेली शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | ३,०००.०० | ११,१२२.०४ | २,८८,८७७.९६ |
| २ | २,८८८.७८ | ११,२३३.२६ | २,७७,६४४.७० |
| ३ | २,७७६.४५ | ११,३४५.५९ | २,६६,२९९.११ |

मुद्दलाचा प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या १.०१ पट आहे का, ते पाहावे. बँकेच्या तक्त्यातही हे गुणोत्तर जुळायला हवे. ते जुळत नसेल, तर व्याज शिलकीवर मासिक पद्धतीने न मोजता दिवसांवर किंवा अन्य रीतीने मोजले आहे, असे समजावे.

दुसरी पडताळणी शेवटच्या टोकाकडून करता येते आणि ती अधिक सोपी आहे. शेवटच्या हप्त्याने शिल्लक आणि तिच्यावरील एक टक्का व्याज दोन्ही फिटले पाहिजेत, म्हणून त्यातील मुद्दलाचा भाग १४,१२२.०४ ÷ १.०१ = १३,९८२.२२ रुपये असला पाहिजे. श्रेढीचे शेवटचे पद, म्हणजे ११,१२२.०४ × १.०१ चा तेविसावा घात, काढले तरी हाच आकडा येतो. दोन टोकांकडून आलेली उत्तरे जुळली, तर मधल्या गुणाकारांत चूक राहिली असण्याची शक्यता कमी असते.

बँक हप्ता पूर्ण रुपयांत घेते. हप्ता १४,१२२ धरला, तर शेवटच्या हप्त्यात सुमारे एक रुपया अधिक द्यावा लागतो, आणि १४,१२३ धरला, तर शेवटचा हप्ता सुमारे २६ रुपयांनी कमी होतो. हप्त्यात एक रुपया वाढवला की शेवटी २६.९७ रुपयांचा फरक पडतो, म्हणजेच S इतका. त्यामुळे तक्त्यातील शेवटचा हप्ता थोडा वेगळा दिसला, तर त्यात गैर काही नाही.

७. बँकेचा आकडा जुळत नसेल तर कोठे पाहावे

सर्वांत मोठा फरक फ्लॅट दराने पडतो. फ्लॅट पद्धतीत व्याज मूळ तीन लाखांवर पूर्ण मुदतीसाठी आकारतात. दोन वर्षांचे १२ टक्क्यांनी ७२,००० रुपये मुद्दलात मिळवून २४ ने भागले की हप्ता १५,५०० रुपये होतो. आपण काढलेल्या हप्त्याहून तो १,३७८ रुपयांनी अधिक आहे, आणि वापरलेल्या वाहनांच्या किंवा यंत्रांच्या कर्जाबद्दल तोंडी बोलताना दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे पुष्कळदा सांगितलेच जात नाही. एखादा हप्ता फ्लॅट आहे का, हे S वरून लगेच तपासता येते. १५,५०० मधून पहिल्या महिन्याचे ३,००० व्याज वजा केल्यास मुद्दलापोटी १२,५०० उरतात, आणि १२,५०० × २६.९७३४६६ = ३,३७,१६८ रुपये होतात. दरमहा एक टक्का दर खरा असता, तर या हप्त्यात ३,३७,१६८ रुपयांचे कर्ज फिटले असते. आपल्या हाती आलेले कर्ज तीन लाखांचेच आहे, म्हणजे दर घटत्या शिलकीवरचा नाही. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

दुसरे कारण म्हणजे मुद्दलात मिळवलेला विमा. कर्जाच्या विम्याचा ९,००० रुपयांचा हप्ता कर्जातच धरला असेल, तर मुद्दल ३,०९,००० होते आणि मासिक हप्ता १४,५४५.७० रुपये. हप्ता मुद्दलाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे बँकेच्या हप्त्याला १४,१२२.०४ ने भागून तीन लाखांनी गुणले की बँकेने किती मुद्दल धरले आहे ते कळते. तो आकडा तीन लाखांहून अधिक आला, तर मंजुरीपत्रातील विम्याची ओळ शोधावी. प्रोसेसिंग फीचे तसे नसते. ती बहुधा वितरणाच्या रकमेतून कापून घेतात, आणि हाती कमी रक्कम आली तरी हप्ता पूर्ण तीन लाखांवरच बसतो.

तिसरे कारण आगाऊ हप्ता. पहिला हप्ता कर्ज मिळाल्याच दिवशी घेतला, तर प्रत्येक हप्ता एक महिना आधी जमा होतो, म्हणून तो १४,१२२.०४ ÷ १.०१ = १३,९८२.२२ रुपये असायला हवा. आगाऊ हप्ता घेऊनही रक्कम १४,१२२ च ठेवली असेल, तर कर्ज सांगितलेल्या दरापेक्षा महाग पडते.

सुरुवातीच्या तुटक दिवसांचे व्याज मात्र हप्त्याच्या गणितात येत नाही. समजा कर्ज १८ जुलैला मिळाले आणि पहिला हप्ता ५ सप्टेंबरला आहे. श्रेढीतील पहिला महिना ५ ऑगस्टपासून सुरू होतो आणि त्याआधीच्या १८ दिवसांचे व्याज, ३,००,००० × ०.१२ × १८ ÷ ३६५ = १,७७५.३४ रुपये, वेगळे घेतले जाते.

८. हप्ते दरमहा नसतील तर

दिंडोरी किंवा निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचे उत्पन्न मुख्यतः जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात हाती येते, त्यामुळे सहामाही हप्त्यांचे कर्ज त्याला सोयीचे पडते. पद्धत तीच राहते, केवळ कालखंड बदलतो. १२ टक्क्यांचे सहामाही ६ टक्के, q = १.०६, आणि दोन वर्षांत पदे चार. १.०६ चा चौथा घात १.२६२४७६९६, त्यावरून S = ४.३७४६१६, a = ६८,५७७.४५ आणि हप्ता १८,००० + ६८,५७७.४५ = ८६,५७७.४५ रुपये.

९. मध्येच कर्ज फेडायचे असल्यास शिल्लक काढणे

एका वर्षानंतर, म्हणजे बारा हप्ते भरून झाल्यावर, किती मुद्दल उरेल हे काढण्यासाठी संपूर्ण तक्ता लिहावा लागत नाही. श्रेढीच्या पहिल्या बारा पदांची बेरीज केली की तोवर फिटलेले मुद्दल मिळते. बारावा घात आठव्या आणि चौथ्या घाताच्या गुणाकारातून १.१२६८२५०३ येतो, त्यामुळे बारा पदांसाठी S = १२.६८२५०३. फिटलेले मुद्दल ११,१२२.०४ × १२.६८२५०३ = १,४१,०५५.३१ रुपये आणि उरलेले १,५८,९४४.६९ रुपये. निम्मी मुदत संपली तरी निम्मे मुद्दल फिटलेले नाही, कारण श्रेढीतील मोठी पदे शेवटी येतात. मुदतपूर्व परतफेडीसाठी बँकेने दिलेल्या पत्रातील मुद्दलाची रक्कम या आकड्याच्या एक-दोन रुपयांच्या आत असावी. त्याहून अधिक रक्कम मागितली असेल, तर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क, शेवटच्या हप्त्यापासूनच्या दिवसांचे व्याज आणि थकलेल्या हप्त्यांवरील दंड या तीन ओळी पत्रात वेगवेगळ्या दाखवण्यास सांगावे.